प्रेग्नन्सीत शुगर निघाली, मग दिवसभराची भाकरी वाटायची कशी?

सहावा-सातवा महिना लागला की दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, सरकारी पद्धतीत उपाशीपोटीच यायला हवं असंही नाही. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला की सांगतात, शुगर आहे. मग घरी सगळं उलटंपालटं होतं. एकीकडे सासूबाई म्हणतात, "दोन जीव शेतस पोरी, पोटभर जेव." दुसरीकडे शेजारची कोणीतरी सांगते भात बंद, केळी बंद, बटाटा बंद, गहू बंद, आणि पोरगी बिचारी ताटाकडे बघत बसते की आता खायचं काय. त्यात घर शाकाहारी असलं तर अजून पंचाईत, कारण आपलं प्रोटीन डाळीतून येतं आणि डाळीतही कार्ब असतंच.

आधी हे होतं का ते बघू, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. वार म्हणजे प्लॅसेंटा काही हार्मोन्स सोडते, त्यांच्यामुळे आईचं इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. हा काही आजार नाही, बाळाला साखर जास्त मिळावी म्हणून शरीराने केलेली सोय आहे, आणि बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून हे भरून काढतं. ज्यांचं तेवढं पुरत नाही त्यांची शुगर चढते. म्हणजे इन्सुलिन आहे, पण एका वेळी फार काम पेलत नाही. म्हणून एकाच ताटात ढीग वाढण्यापेक्षा तेच कार्ब दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यायचं, इतकी साधी गोष्ट आहे.

यातलं सकाळचं गणित मात्र वेगळं. पहाटे कॉर्टिसॉल वाढलेलं असतं, ते इन्सुलिनच्या आड येतं, त्यामुळे जे खाणं दुपारी निभावून जातं तेच सकाळी शुगर उडवतं.

उदाहरणासाठी अमळनेरकडची एक सूनबाई घेऊ, सत्तावीस आठवडे झालेत, शेतकरी घर, माळकरी. तिचं चाललेलं असं की सकाळी आठला दोन चमचे साखरेचा चहा आणि ताटलीभर पोहे बटाटा घालून, मग दुपारी दोनपर्यंत काही नाही, दोनला दीड भाकरी, वरण, वाटीभर भात, भाजी, पाचला पुन्हा चहा आणि बिस्किटं, रात्री साडेआठला खिचडी-पापड आणि झोप. कार्ब मोजलं तर सकाळी साधारण ६० ग्रॅम, दुपारी ११०, रात्री ५५, बाकी चहा-बिस्किटं. शुगर बघितली तर उपाशीपोटी ९६, नाश्त्यानंतर दोन तासांनी १५८, दुपारी १४६, रात्री १२६. आता पाहिजे किती? उपाशी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली. (दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुऊन उठल्यापासून नाही. आणि सुई टोचायच्या आधी हात साबणाने धुवायचे, बोटाला केळं लागलेलं असलं तरी मीटर भलताच आकडा दाखवतं.)

गंमत बघा, दुपारी तिने सकाळच्या जवळपास दुप्पट कार्ब खाल्लं तरी आकडा सकाळचाच जास्त. अशा वेळी घरचे हमखास दुपारचा भात बंद करतात आणि पोहे तसेच ठेवतात, "पोहे तर हलके असतात ना". हलके पोटाला असतील, शुगरला नाहीत, कारण पोहे म्हणजे तांदूळच, तोही शिजवून चपटा केलेला, पटकन पचणारा.

आता तिचा दिवस परत मांडू, आणि यातलं काहीच बाहेरून आणायचं नाही.

सकाळी साडेसातला बिनसाखरेचा चहा, अर्धी कळण्याची भाकरी, वाटीभर दही आणि शेंगदाण्याची चटणी. कळणं म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेलं पीठ, हे आपल्याकडे घराघरात असतं आणि या कामाला नुसत्या ज्वारीपेक्षा बरं, कारण उडदाचं प्रोटीन आणि साल दोन्ही पोटात जातं आणि साखर रक्तात सावकाश उतरते. पण इथे एक सांगते, भाकरी म्हणजे शुगर-फ्री असं खूप जण धरून चालतात आणि मग दोन-दोन खातात. आपल्याकडची एक मोठी भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची असते, त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास कार्ब आलंच, ज्वारी असो की कळणं. म्हणून सकाळी अर्धीच. चहा-दही धरून सगळं मिळून तीस-पस्तीसमध्ये बसतं.

साडेदहाला एक पेरू आणि मूठभर फुटाणे. दुपारी एकला एक पूर्ण भाकरी, वाटीभर घट्ट वरण, आणि वांग्याचं भरीत किंवा मेथी-पोकळा जे असेल ते भरपूर, सोबत काकडी-मुळा, म्हणजे ६० च्या आसपास. भात हवाच असेल तर अर्धी भाकरी कमी करून अर्धी-पाऊण वाटी भात घ्यायचा, दोन्ही नाही. चारला ताक, थोडे शेंगदाणे आणि अर्धं केळं. हो, केळं, जळगाव जिल्ह्यात राहून केळं कायमचं सोडा म्हणणं मला तरी जमत नाही, आणि गरजही नाही, अर्ध्या केळ्यात साधारण १४ ग्रॅम कार्ब असतं आणि सोबत शेंगदाणे असले की चालून जातं. फक्त ते सकाळी नको, चारलाच.

रात्री साडेसातला फुनके आणि कढी, सोबत अर्धी भाकरी. फुनक्यांबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे ते असू द्या, पण भिजवलेली तुरीची डाळ भरड वाटून, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून वाफवलेला हा पदार्थ शाकाहारी बाईसाठी फार कामाचा आहे. चाळीस ग्रॅम कोरड्या डाळीच्या फुनक्यांतून आठ-नऊ ग्रॅम प्रोटीन मिळतं, तेल जवळपास नाही. वरून तेलाची धार मात्र हात राखून. आणि कढीत गूळ-साखर नाही.

मग दहा वाजता, झोपायच्या आधी, कपभर बिनसाखरेचं दूध, पाव भाकरी आणि चार-पाच बदाम किंवा थोडे शेंगदाणे. दिवसाची बेरीज दोनशे ग्रॅम कार्बच्या आसपास जाते. आधीपेक्षा थोडी कमी झाली, पण मोठा फरक हा की ११० चा डोंगर कुठेच उरला नाही. आठवड्याभराने अशा केसमध्ये आकडे साधारण असे येतात, उपाशी ९१, नाश्त्यानंतर ११७, दुपारी ११८, रात्री ११२. सगळ्यांचे असेच येतील असं नाही, म्हणून तर मोजायचं.

रात्रीच्या त्या खाण्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. शुगर आहे आणि झोपताना परत खायचं? नवरा म्हणतो, हे कसलं पथ्य? कारण असं की पोटातलं बाळ रात्रभर आईच्या रक्तातून साखर ओढत असतं, ते झोपत नाही आपल्या वेळेला. साध्या माणसाला बारा-चौदा तास उपाशी राहून काही होत नाही, पण शेवटच्या महिन्यांत आईचं शरीर लवकरच चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात, जे वारेतून बाळाकडेही जातात. शिकागोच्या नॉर्बर्ट फ्रेंकेल यांनी याला वेगाने येणारी उपासमार म्हटलं होतं, आणि १९८२ मध्ये त्यांच्याच गटाने, बॉइड मेट्झगर वगैरेंनी, शुगर नसलेल्या गरोदर बायकांचा नाश्ता लांबवून दाखवलं की त्यांची साखर गरोदर नसलेल्या बायकांपेक्षा जास्त खाली जाते आणि कीटोन जास्त चढतात. म्हणून रात्रीचं खाणं आणि सकाळचा नाश्ता यात दहा तासांपेक्षा जास्त गॅप नको. वरच्या वेळापत्रकात तो साडेनऊ तासांचा आहे, आधी तो साडेअकरा होता.

नुसतं दूध का नाही, तर दुधातली साखर लवकर संपते. सोबत थोडी भाकरी आणि शेंगदाणे-बदाम असले की ते हळूहळू पुरतं. उलट दुधात साखर, केळ्याचं शिकरण, खजूर असलं काही रात्री दिलं तर झोपेत शुगर चढेल.

हेच कारण उपवासालाही लागू आहे. चतुर्थीला दिवसभर काही नाही आणि चंद्र दिसल्यावर साबुदाण्याची खिचडी, म्हणजे आधी उपासमार आणि मग एकदम स्टार्चचा मारा, कारण साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतंच. या नऊ महिन्यांत उपवास सोडलेलाच बरा, देव समजून घेतो, सासूबाईंना समजवावं लागतं.

आता उलट्या बाजूची गडबड. काही जणी घाबरून भाकरी-भात सगळंच सोडतात, भाजी आणि ताकावर राहतात, आणि मीटरवर आकडे इतके सुंदर येतात की सगळे खूश. पण वजन वाढायचं थांबतं किंवा उतरतं, अशक्तपणा येतो, आणि सकाळच्या लघवीत पट्टी बुडवली तर कीटोन दिसतात. हे चांगलं पथ्य नाही, ही उपासमार आहे. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कार्ब लागतंच असं धरलं जातं. तेव्हा शुगर चांगली आणि वजन घसरतंय अशी जोडी दिसली तर भाकरी वाढवायची, पण वाढवताना चारच्या किंवा साडेदहाच्या खाण्यात वाढवायची, सकाळी नाही.

आणि एक आकडा आहे जो जेवणाला फारसा दाद देत नाही, तो म्हणजे उपाशीपोटीचा. जेवणानंतरची शुगर ताटातून येते, पण पहाटेची बरीचशी लिव्हर सोडत असतं. रात्रीचं खाणं वेळेवर, मोजकं असूनही सकाळी ९५ च्या वर येत राहिलं तर काही जणी ते रात्रीचं खाणंच बंद करून बघतात, मग रात्री अजून लांब उपास घडतो आणि आकडा बरेचदा तिथेच राहतो. एक-दोन दिवस खाण्यातलं कार्ब थोडं कमी करून, म्हणजे पाव भाकरीऐवजी पनीरचा तुकडा घेऊन बघायला हरकत नाही. तरी नाही उतरलं तर ते डॉक्टरांना सांगायचं.

दोन आठवडे असं खाऊनही जेवणानंतरचा आकडा १२० किंवा वर राहत असेल तर सरकारी सूचनांप्रमाणे औषध सुरू करतात, मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. इन्सुलिन म्हटलं की रडारड होते, पण आईला टोचलेलं इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जवळपास जातच नाही, आणि ते लागलं म्हणजे पथ्यात कुठे चूक झाली असंही नाही, वार मोठी होते तसा इन्सुलिनला होणारा विरोध वाढत जातो. इन्सुलिन सुरू झालं की खाण्याच्या वेळा तर अजूनच सांभाळाव्या लागतात, कारण टोचून घेतलं आणि जेवण लांबलं तर शुगर खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो. त्यासाठी उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवायची, आणि दहाच्या दुधाला त्या दिवसापासून सुट्टी नाही.