उशिरा नोंदणी आणि लेट फी माफी: कॉलेज काय बघतं, कोणता पुरावा चालतो

मुदत संपल्यावर विद्यार्थी बहुतेक वेळा एकच अर्ज करतात: ‘नोंदणी करून घ्या आणि लेट फी माफ करा.’ पण कॉलेजसाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उशिरा नोंदणी द्यायची का, हे ठरवताना जागा शिल्लक आहे का, किती तास बुडाले आणि ते भरून निघतील का, हे पाहिलं जातं. त्यासाठी शिक्षक किंवा विभागप्रमुखांची लेखी संमती सगळ्यात उपयोगी पडते. लेट फी माफ करताना मात्र प्रश्न एवढाच असतो, की उशीर विद्यार्थ्याच्या हातातला होता का?

म्हणून दोन विनंत्या वेगवेगळ्या लिहा. आणि माफीचा निर्णय येईपर्यंत थांबू नका. अर्ज विचाराधीन आहे म्हणून नोंदणीची शेवटची तारीख सहसा पुढे जात नाही. शक्य असेल तर लेट फी भरून नोंदणी पक्की करा, पावती ठेवा आणि परतावा मिळतो का ते विचारा.

पुराव्यात सगळ्यात जास्त महत्त्व तारखांना. समजा, नोंदणी १ ते १० तारखेपर्यंत होती. एका विद्यार्थिनीने ९ तारखेला फी भरली, खात्यातून पैसे गेले, पण पोर्टलवर ‘फी बाकी’च दिसत राहिलं. १० तारखेला तिने कार्यालयाला ईमेल केला. १३ ला पैसे खात्यात परत आले, १४ ला तिने पुन्हा भरले. तिच्या अर्जाला ९ आणि १३ तारखेच्या नोंदी दाखवणारं बँक स्टेटमेंट, व्यवहार क्रमांक आणि १० तारखेचा ईमेल जोडला की काम झालं. नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो, कारण त्यावर बऱ्याचदा नाव किंवा तारीखच नसते. आणि हाच ईमेल तिने १५ तारखेला केला असता, तर दंड बसल्यावर कारण शोधलं असं वाटायला जागा राहिली असती.

हीच विद्यार्थिनी पैसे परत आल्यावर थेट २२ तारखेला आली असती, तर? मग मधल्या नऊ दिवसांचा जाब द्यावा लागला असता. बहुतेक अर्ज इथेच अडकतात. आजारपणातही तेच होतं. ३ ते ५ तारखेचं वैद्यकीय प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १० मध्ये नोंदणी का झाली नाही, हे कार्यालय विचारणारच. प्रमाणपत्रावर ‘विश्रांती आवश्यक’ एवढंच नको, कधीपासून कधीपर्यंत तेही हवं. आजाराचा तपशील सहसा लागत नाही.

कॉलेजच्याच दुसऱ्या विभागाने नोंदणी अडवली असेल, उदाहरणार्थ ग्रंथालयाची जुनी बाकी चुकून दिसत असेल, तर त्या विभागाकडून ‘चूक आमची होती, अमुक तारखेला दुरुस्त केली’ असं दोन ओळींचं पत्र घ्या. ते हाती असलं की कार्यालयाला नाही म्हणणं अवघड जातं.

‘ईमेल पाहिला नाही’, ‘तारीख लक्षात राहिली नाही’ ही कारणं सहसा मान्य होत नाहीत. खरं कारण तेच असेल, तर माफी मागण्याऐवजी हप्त्यांची सवलत मागा.