अहवालातलं 'स्फुरद २०' कमी की मध्यम?

माझ्या मामेभावाचं शेत परभणी जिल्ह्यात आहे, काळं, चुनखडीयुक्त. यंदा सोयाबीनआधी त्यानं माती तपासून घेतली. अहवाल इंग्रजीत आला. गावातल्या एका जाणत्या पोरानं तो मराठीत उतरवला: नत्र १७०, स्फुरद २०, पालाश ६२०, सगळं किलो प्रति हेक्टरी. खाली शेरा होता, "स्फुरद मध्यम." भाऊ म्हणाला, "पालाश सहाशे किलो पडलाय, मग अजून कशाला टाकायचा?"

आधी त्याचं उत्तर. हे आकडे म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. प्रयोगशाळा मातीत एक ठरावीक द्रावण घालून हलवते आणि जेवढं सुटून येईल तेवढं मोजते. आपल्याकडं स्फुरदासाठी ऑल्सेन पद्धत चालते, त्यात खाण्याच्या सोड्याचं द्रावण असतं. यातली गंमत मला फार आवडते. चुनखडीच्या मातीत कॅल्शियम स्फुरदाला घट्ट धरून बसतं. सोड्यातलं बायकार्बोनेट त्या कॅल्शियमला आपल्याकडं ओढून त्याची चुनखडी करतं, आणि मोकळा झालेला स्फुरद द्रावणात येतो. आम्लाचं द्रावण घेतलं असतं तर चुनखडीनं आम्लच मारून टाकलं असतं. शेतात मात्र उलटं घडतं. फोकून दिलेलं खत मातीत मिसळतं आणि कॅल्शियम ते गिळतं. म्हणून स्फुरद पेरून, बियाण्याच्या खाली द्यायचा.

आता चूक कुठं झाली? मूळ कागदावर त्या रकान्याला P₂O₅ लिहिलं होतं, आणि पोरानं तुलना केली ती P च्या तक्त्याशी. P म्हणजे नुसतं फॉस्फरस, P₂O₅ म्हणजे त्याचं ऑक्साइड. P मध्ये १० किलोच्या आत कमी, १० ते २५ मध्यम. पण P चे P₂O₅ करायला २.२९ नं गुणावं लागतं. म्हणजे २० किलो P₂O₅ म्हणजे जेमतेम पावणेनऊ किलो P. शेरा 'कमी' असाच हवा होता. मराठीत दोन्हीला 'स्फुरद' म्हणतात, तिथंच घोळ झाला. गोणीवरचा आकडा नेहमी P₂O₅ चा असतो.

सोयाबीनची शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश ३०:६०:३० किलो आहे. मातीत जे कमी असेल त्याची मात्रा पावपट वाढवतात, जे भरपूर असेल त्याची पावपट घटवतात. भावाच्या शेतात नत्र आणि स्फुरद कमी, पालाश भरपूर. हेक्टरचं एकर करताना अडीचनं भागायचं. एकरी नत्र १५, स्फुरद ३०, पालाश ९ किलो येतात. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतो, म्हणजे १८७ किलो लागेल. 'मध्यम' धरलं असतं तर दीडशेच टाकलं असतं. सुपरमधून गंधकही मिळतो, सोयाबीनला तो लागतोच. दुकानदार 'जमीन जिवंत करणारी' एक बाटलीही गळ्यात मारत होता, ती भावानं घेतली नाही.

मग मी अहवालाखाली मराठीत लिहून दिलं: "सोयाबीन, १ एकर. पेरणीसोबत सुपर फॉस्फेट पावणेचार गोण्या (५० किलोच्या), युरिया ३३ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश १५ किलो. खत बियाण्याला चिकटू द्यायचं नाही."