एकक भार पद्धत (ट्रसच्या सांध्याचे उभे विस्थापन)

भाराखाली ट्रसचा एखादा सांधा किती खाली येतो हे आभासी कार्याच्या तत्त्वावरून काढण्याच्या रीतीला एकक भार पद्धत म्हणतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे ऑटो मोर यांनी १८७४ मध्ये ती मांडली, त्यामुळे तिला मॅक्सवेल-मोर पद्धत असेही नाव आहे.

या पद्धतीत एकाच ट्रसचा दोनदा विचार करावा लागतो. पहिल्या वेळी प्रत्यक्ष भार लावून प्रत्येक घटकातील बल N काढतात. त्यावरून त्या घटकाची लांबी NL/AE इतकी बदलते, जिथे L ही घटकाची लांबी, A हे काटछेदाचे क्षेत्रफळ आणि E हा यंगचा गुणांक असतो. दुसऱ्या वेळी सर्व प्रत्यक्ष भार काढून टाकून, ज्या सांध्याचे विस्थापन हवे आहे त्याच सांध्यावर खालच्या दिशेने १ इतका भार ठेवतात आणि त्यामुळे येणारी बले n काढतात. आता दुसऱ्या वेळची बले पहिल्या वेळच्या हालचालींतून नेली, तर बाहेरच्या एकक भाराने केलेले कार्य घटकांतील बलांनी केलेल्या कार्याइतकेच असले पाहिजे. बाहेरचा भार १ असल्याने डाव्या बाजूला केवळ विस्थापन उरते:

Δ = Σ (n N L / A E)

उदाहरणादाखल ८ मीटर गाळ्याचा एक त्रिकोणी ट्रस घेऊ. A या टोकाला बिजागरी आधार आणि B या टोकाला रोलर आधार आहे. C हा सांधा खालच्या पट्टीच्या मध्यावर, तर D हा शिखराचा सांधा C च्या बरोबर ३ मीटर वर आहे. AC आणि CB हे घटक ४ मीटरचे, AD आणि DB ५ मीटरचे, तर मधला उभा घटक CD ३ मीटरचा आहे. C आणि D या दोन्ही सांध्यांवर प्रत्येकी ६० किलोन्यूटन भार आहे. प्रत्येक घटकाचा काटछेद २४०० चौ. मिमी आणि E चे मूल्य २०० किलोन्यूटन प्रति चौ. मिमी धरले, तर AE ४,८०,००० किलोन्यूटन येते. C चे उभे विस्थापन हवे आहे.

प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया ६० किलोन्यूटन येते. ताण धन आणि दाब ऋण मानला, तर N ची मूल्ये तिरक्या घटकांत −१००, खालच्या घटकांत +८० आणि उभ्या घटकात +६० किलोन्यूटन अशी मिळतात. C वर केवळ १ भार ठेवल्यास प्रतिक्रिया ०.५ होतात आणि n ची मूल्ये त्याच क्रमाने −५/६, +२/३ आणि +१ येतात. nNL हा गुणाकार दोन्ही तिरक्या घटकांसाठी मिळून ८३३.३, दोन्ही खालच्या घटकांसाठी ४२६.७ आणि उभ्या घटकासाठी १८० येतो; बेरीज १४४० किलोन्यूटन-मीटर. तिला AE ने भागले की ०.००३ मीटर, म्हणजे ३ मिलिमीटर मिळतात. उत्तर धन असल्याने C एकक भाराच्या दिशेने, म्हणजे खालीच जातो.

हे उत्तर पडताळताही येते. एकक भार C ऐवजी D वर ठेवला, तर तिरक्या व खालच्या घटकांतील n तेच राहतात, पण CD मधील n शून्य होतो. त्यामुळे बेरीज १२६० आणि D चे विस्थापन २.६२५ मिलिमीटर येते. दोन्ही विस्थापनांतील फरक ०.३७५ मिलिमीटर आहे, आणि ६० किलोन्यूटनच्या ताणाखाली ३ मीटरचा CD नेमका तेवढाच लांबतो.

चुका बहुधा चिन्हांत होतात. दाबाखालच्या घटकात N आणि n दोन्ही ऋण असतील, तर गुणाकार धनच राहतो. दोन तक्त्यांत चिन्हांचा संकेत वेगळा ठेवला, तर उत्तर दिसायला सरळ पण चुकीचे येते. दुसरी चूक म्हणजे N शून्य असलेला घटक तक्त्यातून कायमचा वगळणे. भारामुळे त्याची लांबी बदलत नसली, तरी तापमानामुळे बदलू शकते, आणि अशा वेळी NL/AE च्या जागी αΔTL घालावे लागते, जिथे α हा औष्णिक प्रसरणाचा गुणांक आणि ΔT हा तापमानातील बदल असतो. वरच्या ट्रसमध्ये खालचे दोन्ही घटक २० अंश सेल्सिअसने तापले, तर α = १२ × १०⁻⁶ धरून प्रत्येकाची लांबी ०.९६ मिलिमीटरने वाढते आणि C आणखी १.२८ मिलिमीटर खाली येतो. रोलर मोकळा असल्याने या विस्तारामुळे कोणत्याही घटकात बल मात्र निर्माण होत नाही. घटक कारखान्यातच थोडा लांब किंवा आखूड बनला असेल, तर तो फरकही याच जागी घालता येतो.

वरील सूत्र पदार्थ रेषीय स्थितिस्थापक आहे, विस्थापने लहान आहेत आणि सांधे घर्षणरहित बिजागऱ्या आहेत असे धरते. प्रत्यक्षात सांधे गसेट प्लेटवर बोल्ट किंवा वेल्डने जोडलेले असतात, म्हणून घटकांत थोडे नमनही येते. सडपातळ घटकांत त्याचा विस्थापनावरील परिणाम सहसा किरकोळ असतो. बोल्टच्या भोकांतील मोकळीक मात्र दुर्लक्षून चालत नाही, कारण सांधा पहिल्यांदा सरकताना होणारी हालचाल या सूत्रात येतच नाही आणि भारचाचणीत मोजलेले विस्थापन गणितापेक्षा जास्त भरू शकते. भार काढल्यावर त्यातील काही भाग तसाच राहिला, तर प्रथम सांध्यांतील सरकण्याचा संशय घ्यावा.