रेषेखालचा शेअर स्वस्त नसतो

“शेअर सिक्युरिटी मार्केट लाइनच्या खाली आहे, म्हणजे स्वस्त आहे. घेऊन टाकायचा ना?”

नाही, तो महाग आहे. ही रेषा किती जोखमीला किती परतावा मिळायला हवा ते दाखवते; तिच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर भाव नसतो, अपेक्षित परतावा असतो. भावाचा चार्ट रोज पाहणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते.

समजा जोखीममुक्त दर 7 टक्के, बाजाराचा जोखीम प्रीमियम 6 टक्के आणि शेअरचा बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत त्याची जोखीम, 1.5 आहे. मग या जोखमीसाठी 7 + 1.5 × 6 = 16 टक्के परतावा मिळायला हवा. (प्रीमियम म्हणजे बाजाराच्या परताव्यातून जोखीममुक्त दर आधीच वजा केलेला आकडा. त्यातून 7 पुन्हा वजा करू नका.)

शेअरचा आजचा भाव 200 रुपये. वर्षभराने भाव 222 होईल आणि 6 रुपये लाभांश मिळेल असा तुमचा अंदाज आहे. हातात येणार 228, म्हणजे परतावा 14 टक्के. हवे होते 16, म्हणून शेअर रेषेखाली. 228 ला 1.16 ने भागलं की रास्त भाव साधारण 196.55 रुपये येतो. 200 त्याहून जास्तच. हाच शेअर 190 ला मिळाला तर परतावा 20 टक्के होतो, शेअर रेषेच्या वर जातो आणि तेव्हा तो खरा स्वस्त.

मात्र 2 टक्क्यांच्या फरकावर फार विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बीटा जुन्या परताव्यांवरून काढलेला अंदाज असतो. तो 1.1 धरला, तर हवा असलेला परतावा 13.6 टक्क्यांवर येतो आणि 200 रुपयांचा हाच शेअर स्वस्त ठरतो.