ऑरिफिस सूत्र आणि पाइपातली गळती

प्रेशरखालच्या पाइपला बारीक भोक पडलं की दिवसाला किती पाणी वाया जातं, याचा अंदाज काढायचं सूत्र: Q = C × A × √(2gh). A म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, 9.81, h म्हणजे भोकाच्या वर असलेली पाण्याची उंची आणि C हा गुणांक, साधारण 0.61.

√(2gh) हा वेगाचा भाग टॉरिचेलीचा, 1644 च्या सुमारास छापलेला, त्यावर फारसा वाद नाही. घोळ आहे तो C चा. भोकातून बाहेर पडल्यावर धार आकसते हे न्यूटनने प्रिन्सिपियाच्या 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीत मांडलं आणि धारेचं क्षेत्रफळ भोकाच्या सुमारे 0.71 पट धरलं, पण नंतरच्या मोजणीत ते 0.62-0.64 च्या आसपास आलं आणि घर्षणाने वेगही एक-दोन टक्के घटतो, म्हणून गुणाकार 0.61 कडे जातो. किर्कहॉफच्या गणितातून निघणारं π/(π+2), म्हणजे 0.611, काही जण याचा पुरावा म्हणून देतात, पण ते लांबट फटीसाठी आहे, गोल भोकासाठी नाही, त्यामुळे इथे मोजलेल्या आकड्यावरच भिस्त ठेवलेली बरी. शिवाय 0.61 धारदार कडेच्या, पातळ पत्र्यातल्या भोकाचा आहे. पाइपाची भिंत भोकाच्या व्यासापेक्षा बरीच जाड असेल तर आकसलेली धार आतल्या बाजूला परत चिकटते आणि C 0.8 पर्यंत चढतो.

आता उदाहरण. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनला तळमजल्यावर 3 मिमीचं भोक आहे आणि टाकीतलं पाणी भोकापासून 20 मीटर वर आहे (गेज लावलं तर साधारण 2 किलो दाखवेल). वेग येतो सेकंदाला 19.8 मीटर, क्षेत्रफळ 7.07 चौरस मिमी, म्हणजे मिनिटाला जवळपास 5.1 लिटर आणि 24 तासांत सुमारे 7,400 लिटर! माणशी 135 लिटरच्या नेहमीच्या हिशोबाने हे जवळपास 55 माणसांचं पाणी झालं. भोक 6 मिमी झालं तर चौपट, कारण व्यासाचा वर्ग लागतो, प्रेशर मात्र निम्मं केलं तरी गळती 30 टक्केच कमी होते. हिशोब हमखास बिघडतो तो व्यास त्रिज्या समजून टाकल्याने (उत्तर चौपट) किंवा गेजचे 2 किलो तसेच h मध्ये घातल्याने, तिथे 20 मीटर हवेत. ताळा करायचा तर धारेखाली 20 लिटरची बादली धरा, चार मिनिटांच्या आत भरायला हवी, खूप लवकर भरली तर भोक मोजण्यात चूक आहे किंवा C जास्त आहे.

नगरपालिकेच्या लाइनला पाणी तीनच तास येत असेल तर 24 ऐवजी तीनानेच गुणायचं, 900 लिटरच्या थोडं वर. पीव्हीसीला लांबट चीर गेली असेल तर हे सूत्र कमी दाखवतं, कारण प्रेशर वाढलं की चीरच रुंदावते. जॉन मे यांनी 1994 मध्ये मांडलेल्या पद्धतीत त्यासाठी प्रेशरचा घातांक 0.5 वरून 1.5 पर्यंत नेतात. जमिनीखालच्या भोकाला बाहेरून माती आणि साठलेलं पाणी उलट दाब देतात, तिथे सूत्राचा आकडा कमाल मर्यादा म्हणूनच घ्यावा.