फॉर्म भरता भरता टोकन का बदलतं?

मोठा फॉर्म निगुतीने भरून ‘सबमिट’ दाबलं आणि पांढऱ्या पडद्यावर `419 Page Expired` किंवा `CSRF token mismatch.` एवढंच उमटलं, की बहुतेक लोक दोनपैकी एका निष्कर्षावर येतात: मधेच नेट गेलं, नाहीतर साइट हॅक झाली. नेट गेलं असतं तर सर्व्हरचं हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचलंच नसतं. हॅकिंगशी मात्र या संदेशाचा संबंध आहे, पण उलट्या बाजूने. सर्व्हरला तुमचाच फॉर्म बनावट वाटला आणि त्याने तो परत पाठवला.

असं का होतं हे कळायला ब्राउझरची एक जुनी सवय माहीत हवी. तुम्ही एखाद्या साइटवर लॉगिन करता तेव्हा सर्व्हर ब्राउझरला एक कुकी देतो. तिच्यात सेशनचा, म्हणजे सर्व्हरने तुमच्यासाठी उघडलेल्या नोंदीचा, क्रमांक असतो. पुढे त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ती कुकी आपणहून जोडतो, आणि ती विनंती कोणत्या पानावरून निघाली हे मूळ रचनेत तो बघतच नव्हता. समजा, एका टॅबमध्ये तुमचं खातं उघडं आहे आणि दुसऱ्या टॅबमध्ये तुम्ही कुठल्यातरी भलत्याच पानावर गेलात. त्या पानात एक अदृश्य फॉर्म दडवलेला आहे, त्याचा पत्ता तुमच्या खात्याच्या साइटचा आहे, आणि पान उघडताच तो स्वतःच सबमिट होतो: ‘माझा ईमेल बदलून अमुक करा.’ ब्राउझर इमानेइतबारे तुमची कुकी जोडतो. सर्व्हरला वाटतं, तुम्हीच सांगितलं. या फसवणुकीला २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ म्हटलं, तेच सीएसआरएफ.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो ब्राउझरच्या एका विचित्र विषमतेवर उभा आहे. परक्या साइटचं पान तुमच्या साइटकडे विनंती पाठवू शकतं, पण आलेलं उत्तर त्याला वाचता येत नाही. म्हणजे परक्याला फॉर्म सबमिट करता येतो, पण तोच फॉर्म आधी उघडून त्यात काय लिहिलंय ते बघता येत नाही. मग सर्व्हरने काय करावं? फॉर्म देतानाच त्यात एक कुणालाही ओळखता न येणारा शब्द लपवावा, आणि तोच शब्द आपल्याकडे तुमच्या सेशनमध्ये लिहून ठेवावा.

```html
<input type="hidden" name="_token" value="q7RkVd...">
```

फॉर्म परत आला की दोन शब्द ताडून बघायचे. जुळले, तर हा फॉर्म आमच्याच पानावरून आला. नाही जुळले, तर बाहेर. चोराकडे तुमची कुकी वापरण्याची सोय आहे, पण हा शब्द त्याला वाचता येत नाही. हा शब्द म्हणजे टोकन. लारावेल या साइट बनवण्याच्या लोकप्रिय चौकटीत ते ४० अक्षरांचं असतं, म्हणजे अंदाजाने ओळखण्याचा प्रश्नच नाही.

आता घड्याळ लावून एक प्रसंग पाहू. लारावेलमध्ये बनवलेली साइट, सेशनची मुदत मूळचीच ठेवलेली, म्हणजे १२० मिनिटं. सकाळी १० वाजता तुम्ही फॉर्म उघडता. सर्व्हर सेशन क्रमांक १ उघडतो, त्यात टोकन ‘क’ लिहितो, तेच ‘क’ फॉर्ममध्ये छापतो, आणि ब्राउझरला दोन तास चालणारी कुकी देतो. सर्व्हरकडे नवी विनंती गेली की ही मुदत पुन्हा १२० मिनिटांवर येते. पण टाइप करणं म्हणजे विनंती नव्हे. तुम्ही अखंड लिहीत असलात तरी ती अक्षरं तुमच्याच यंत्रात साठत असतात. सर्व्हरच्या हिशेबी तुम्ही १० वाजता पान उघडून गप्प झालात. १२ वाजता ब्राउझर मुदत संपलेली कुकी टाकून देतो. १२:३५ ला तुम्ही सबमिट दाबता. विनंतीत टोकन ‘क’ आहे, कुकी नाही. कुकी नाही म्हटल्यावर सर्व्हर तुम्हाला नवा पाहुणा समजतो, सेशन क्रमांक २ उघडतो, त्यात नवं टोकन ‘ख’ लिहितो आणि मग ताडून बघतो. ‘क’ आणि ‘ख’ जुळत नाहीत.

या क्षणी सर्व्हरकडे ‘हे टोकन जुनं झालंय’ असं सांगणारी कोणतीही नोंद नाही. ‘क’ कधीकाळी आपणच दिलं होतं, हे त्याला ठाऊक नाही, कारण ते ज्या सेशनमध्ये लिहिलं होतं त्याच्याकडे नेणारी कुकीच आलेली नाही. उशिरा आलेला खरा माणूस आणि टोकन मनाने रचून पाठवणारा चोर, दोघांचा फॉर्म त्याला तंतोतंत सारखा दिसतो. म्हणून आतला मूळ संदेश ‘मिसमॅच’ म्हणतो. ‘एक्सपायर्ड’ हा पानावरचा शब्द म्हणजे चौकट बनवणाऱ्यांनी बांधलेला अंदाज. ४१९ हा आकडाही त्यांचाच, एचटीटीपीच्या अधिकृत यादीत तो नाही. जॅंगो आणि रेल्स या अशाच दुसऱ्या चौकटी; याच प्रसंगी जॅंगो ४०३ देतं, रेल्स ४२२.

मग माणसं मागे जाऊन पुन्हा सबमिट करतात आणि पुन्हा तेच. आता तुमच्याकडे सेशन २ ची कुकी आहे, पण मागे जाऊन मिळालेल्या पानात छापलेलं आहे ते ‘क’च. ते कितीही वेळा पाठवलं तरी ‘ख’ होणार नाही. मागे गेल्यावर लिहिलेला मजकूर दिसत असेल, तर तो दुसरीकडे कॉपी करून ठेवावा, पान रीलोड करावं, लागलं तर पुन्हा लॉगिन करावं, आणि नव्या फॉर्ममध्ये मजकूर चिकटवावा. याला दुसरा जवळचा रस्ता नाही.

‘कुकी साफ करा, ब्राउझर बदला’ हा सल्ला मात्र निव्वळ तोडगा आहे, लिंबू-मिरची टांगण्याच्या जातीचा. पान उघडं असताना कुकी साफ केली, तर त्या पानातलं टोकन चालण्याची उरलीसुरली शक्यताही तुम्हीच संपवता. त्यानंतर ‘चाललं’ असं वाटतं ते पान नव्याने उघडल्यामुळे. श्रेय मिळतं कुकीच्या सफाईला.

दोन टॅबचा प्रकारही याच कुळातला. एका टॅबमध्ये फॉर्म उघडा ठेवून दुसऱ्यात लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं, की टोकन बदलतं. इथे दोन तासही लागत नाहीत.

आतापर्यंत दोष उशिराचा होता. कॅशमुळे होणारा घोळ जास्त फसवा असतो, कारण तिथे पान उघडून दहाच सेकंदांत फॉर्म पाठवला तरी तो परत येतो. साइट वेगवान व्हावी म्हणून सर्व्हरपुढे एक साठवण, म्हणजेच कॅश, बसवलेली असते. पहिला पाहुणा संपर्काचं पान मागतो, ते तयार होतं, आणि त्याची प्रत ठेवून पुढच्या सगळ्यांना तीच वाटली जाते. त्या प्रतीत पहिल्या पाहुण्याचं टोकनही छापलेलं आहे. म्हणजे प्रत्येकाच्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी टोकन, आणि स्वतःच्या नावाचं सेशन तर उघडलेलंच नाही, कारण विनंती मूळ सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही.

हा दोष साइट बनवणाऱ्याला बहुधा दिसतच नाही. लॉगिन केलेल्या माणसाला साठवणीतली प्रत द्यायची नाही असा नियम सहसा असतो, आणि बनवणारा कायम लॉगिन केलेला असतो. त्याच्याकडे फॉर्म छान चालतो, तक्रारी बाहेरून येत राहतात. खात्री करायची तर कुकीशिवाय तेच पान दोनदा मागवून टोकन बघावं:

```
curl -s https://example.com/contact | grep _token
curl -s https://example.com/contact | grep _token
```

दोन्ही वेळा कुकी पाठवलेली नाही, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने हे दोन वेगळे पाहुणे. टोकन वेगवेगळी यायला हवीत. लारावेलच्या साइटवर दोन्हीकडे एकच आलं, तर पान साठवणीतून येतंय. उत्तरासोबत येणाऱ्या शीर्षकांमध्ये, म्हणजे हेडर्समध्ये, प्रत किती सेकंद जुनी आहे ते सांगणारं `Age` दिसलं आणि त्याचा आकडा वाढत असला, तर शंका उरत नाही.

वर्डप्रेसमध्ये मात्र ही परीक्षा चुकवेल, कारण तिथे टोकनच्या जागी असणारा ‘नॉन्स’ वेगळ्या हिशेबाने बनतो. तो सेशनमध्ये लिहून ठेवत नाहीत. कृतीचं नाव, वापरकर्त्याचा क्रमांक, गुप्त किल्ली आणि बारा तासांचा एक काळाचा तुकडा यांसारख्या गोष्टींतून तो गणिताने काढतात. लॉगिन न केलेल्या सगळ्यांचा क्रमांक शून्य, म्हणून सगळ्यांना एकच नॉन्स मिळतो आणि साठवलेलं पानही चालतं. सर्व्हर चालू तुकडा आणि त्याच्या आधीचा तुकडा मान्य करतो, त्यामुळे नॉन्स कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त २४ तास टिकतो. साठवलेली प्रत त्याहून जुनी झाली, की काल चालणारा फॉर्म आज चालत नाही. साठवण रिकामी केली की पुन्हा चालतो. ‘अधूनमधून बिघडतं’ अशी तक्रार असेल, तर आधी साठवणीची मुदत बघावी आणि ती बारा तासांच्या बरीच आत आणावी.

सेशनवर चालणाऱ्या साइटसाठी उपाय असा की साठवलेल्या पानात टोकन छापूच नये. पान उघडल्यावर, किंवा त्याहून बरं म्हणजे सबमिटच्या आधी, जावास्क्रिप्टने एका छोट्या पत्त्यावरून ताजं टोकन मागवावं आणि त्या उत्तराला `Cache-Control: no-store` लावावं, म्हणजे त्याची प्रत कुणी साठवणार नाही. असा पत्ता उघडा ठेवला तर चोरही टोकन मागवेल, ही भीती अनेकांना वाटते. तो मागवेल, पण मघाची विषमता इथेही लागू आहे: तुमच्या कुकीसह आलेलं उत्तर परक्या पानाला वाचता येत नाही. फक्त दुसऱ्या साइटना वाचण्याची परवानगी देणारी शीर्षकं त्या पत्त्यावर कुणी लावलेली नसावीत.

हाच उपाय उशिराच्या रोगावरही चालतो, पण अर्धाच. ज्या फॉर्मला लॉगिन लागत नाही, तिथे शेवटच्या क्षणी आणलेलं टोकन पुरतं. लॉगिन लागत असेल तर मजकूर ब्राउझरमध्ये जपून ठेवून माणसाला पुन्हा लॉगिन करायला लावणं हाच सरळ मार्ग. सेशनची मुदत आठवड्यांवर नेणं सोपं असतं, पण मग सामायिक संगणकावर विसरून सोडलेलं खातंही तितके दिवस उघडं राहतं. आणि तपासणीच बंद करून ‘एरर गेली’ म्हणणारे महाभाग आहेतच.

अलीकडे ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएसवरच्या प्रत्येक विनंतीला `Sec-Fetch-Site` हे शीर्षक जोडतात आणि ती आपल्याच साइटवरून निघाली की परक्या, हे सांगतात. सफारीने २०२३ मध्ये ते आणल्यावर सगळे मुख्य ब्राउझर त्यात आले, आणि गो भाषेच्या २०२५ मधल्या १.२५ आवृत्तीत याच शीर्षकावर चालणारं संरक्षण प्रमाण लायब्ररीत दाखल झालं. यात टोकनच नाही, त्यामुळे तीन दिवस उघडं राहिलेलं किंवा साठवणीतून आलेलं पानही या तपासणीत अडकत नाही. लॉगिनची मुदत संपली असेल तर फॉर्म तरीही परत येईल, पण तेव्हा सर्व्हर निदान खरं कारण सांगू शकेल: पुन्हा लॉगिन करा.