काउंटर ऑफर आणि ‘८० टक्क्यां’चा आकडा

"काउंटर ऑफर स्वीकारून थांबलेल्यांपैकी ८० टक्के लोक सहा महिन्यांत कंपनी सोडतातच."

काउंटर ऑफर म्हणजे राजीनामा दिलेल्या माणसाने थांबावं म्हणून जुन्या कंपनीने पुढे केलेला वाढीव प्रस्ताव. तो आला आणि भरतीच्या शेवटच्या टप्प्यावर उमेदवार डळमळला, की हे वाक्य त्याला हमखास ऐकवलं जातं. पण आकड्याचा माग काढायला गेलं की एक लेख दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कोणाला मोजलं, किती काळ मोजलं, हे हाती लागत नाही. तरी तो खरा वाटतो, कारण भरती करणाऱ्यांना पुन्हा भेटतात ते थांबून पस्तावलेलेच. समाधानाने राहिलेले फोन करत नाहीत, त्यामुळे ते मोजणीत येतच नाहीत.

पडताळायचं तर आपल्याच कंपनीच्या नोंदी काढा. राजीनामा मागे घेतलेल्यांपैकी वर्षभराने किती उरले आणि तशाच पदांवरच्या इतरांपैकी किती, हे शेजारी मांडा. माणसं चार-पाचच असतील तर टक्केवारी काढू नका.

उमेदवाराला घाबरवण्यापेक्षा नोकरी बदलण्याचं मूळ कारण आठवून देणं जास्त उपयोगी, आणि प्रामाणिकही. समजा, पहिल्या मुलाखतीत एक उमेदवार म्हणाली होती, "मला टीम सांभाळायची आहे." आता जुनी कंपनी १५ टक्के पगारवाढ देतेय. तिला विचारा, "टीमचं काय? लेखी दिलंय का?" नसेल, तर तिचं कारण जागच्या जागी आहे, लगेच आपण देऊ केलेला पगार वाढवायची गरज नाही. टीमही मिळत असेल, तर तिचं थांबणं रास्त आहे. म्हणून ती रुजू होईपर्यंत दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराशी संपर्क ठेवा आणि निर्णय बाकी असल्याचं त्याला खरं सांगा.